६४ पोरं आणि बोटांचं क्विझ: उपयोग की नुसता गोंगाट?

जुना मास्तर: मोठ्या वर्गात बोटं दाखवायचं क्विझ म्हणजे गोंगाट. हुशार पोराकडे बघून सगळी बोटं वर. त्यापेक्षा तोंडी विचारलेलं बरं.

पाचवीच्या बाई: सर, राहवलं नाही म्हणून लिहिते. माझ्याही वर्गात ६४ आहेत. फळ्यावर प्रश्न होता: मोठं कोण? १) ०.३५ २) ०.५ ३) दोन्ही सारखे. उत्तराचा नंबर तितकी बोटं, येत नसेल तर मूठ. डोळे मिटून मनात पाचपर्यंत मोजायचं, मी टाळी वाजवली की बोटं छातीशी. डोक्यावर नाही, तिथला हात मागच्या बाकावरून दिसतो. बघून केलेलं लपत नाही, बोटं पुढून मागे लाटेसारखी उठतात. त्या दिवशी एकदम उठली आणि चाळीसेक पोरांचं एकच बोट! ३५ हे ५ पेक्षा मोठे, म्हणून. तोंडी विचारलं असतं तर पहिल्या बाकावरची बरोबर बोलली असती आणि मी पुढचा धडा घेतला असता.

पालक: आमच्या मुलाला शाळेच्या क्विझ संघात घेतलंच नाही. आधी निवड नीट करा.

पाचवीच्या बाई: दादा, इथे निवड नाहीच, सगळी पोरं खेळतात.

खडू: बोटांपेक्षा पाटी बरी. चौघांत एक पाटी, उत्तर लिहून सगळ्यांनी एकदम वर धरायची. पर्याय नाहीत, म्हणजे अंदाजही नाही.

जुना मास्तर: आणि चौघांत लिहितो एकच. बाकीचे तीन खिडकीबाहेर.

पाचवीच्या बाई: खरंय, माझंही पहिल्या महिन्यात तेच झालं. आता गटात प्रत्येकाला १ ते ४ नंबर आहे. चर्चा संपल्यावर मी नंबर पुकारते, 'तीन!', की खडू फक्त त्याच्याच हातात. आधी नंबर सांगितला तर इतर तिघं सुटतात.

खडू: पण सोळा पाट्या आणायच्या कोणी? मी खिशातून आणल्या, दोन महिन्यांत पाच फुटल्या.

रोज एसटीने: पाट्यांचं काय घेऊन बसलात! कायद्यात प्राथमिकला ३० पोरांमागे एक शिक्षक लिहिलाय. ६४ पोरं एका बाईंकडे आणि त्यात निवडणुकीची कामं. आधी शिक्षक द्या म्हणा!

पाचवीच्या बाई: म्हणा, मीही सही करते. पण उद्या सकाळी माझ्यासमोर ६४च बसणार आहेत. शिक्षक येईपर्यंत त्यांनी गप्प बसायचं का?

रोज एसटीने: तुमच्यासारख्यांनी भागवून घेतलं म्हणूनच वर कोणी हलत नाही.

पाचवीच्या बाई: हे मला लागलं. पोरांना शिकवणं म्हणजे भागवून घेणं नाही.

जुना मास्तर: भांडू नका. बाई, ती चाळीस पोरं चुकली, मग पुढे?

पाचवीच्या बाई: इतकी चुकली तर शेजाऱ्याशी बोलायला लावत नाही, चूकच पसरते. पुन्हा शिकवलं: अर्धा रुपया म्हणजे ५० पैसे, ०.३५ म्हणजे ३५ पैसे. अर्धाअधिक वर्ग बरोबर असला की मात्र शेजाऱ्याला पटवायला सांगते आणि पुन्हा बोटं.

जुना मास्तर: टाळीचं करून बघतो. तोंडीही सोडणार नाही.

पाचवीच्या बाई: सोडू नका. माझी एक मुलगी जूनपासून रोज मूठच दाखवते. बोटांनी एवढंच कळलं. तिला मधल्या सुट्टीत जवळ बसवून तोंडीच विचारते आहे. अजून बोललेली नाही.