पूजाच्या स्पेलिंगवर ठरणारे लग्न

कोथरूडकर: मुलगा-मुलीच्या नावांतली सामाईक अक्षरे खोडून त्यांचे नाते सांगणारे, वहीच्या शेवटच्या पानावर खेळलेले फ्लेम्स माझ्या बाबतीत तंतोतंत खरे ठरले. नावांत काहीतरी असतेच, नाहीतर इतक्या मुलांनी ते खेळले असते का?

पेठेतला गणित शिक्षक: हे वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो. AMOL आणि POOJA ही नावे घ्या. एक A आणि एक O दोन्हींकडून खोडले की M, L, P, O, J अशी पाच अक्षरे उरतात. FLAMES ची सहा अक्षरे म्हणजे अनुक्रमे मैत्री, प्रेम, आपुलकी, लग्न, शत्रुत्व आणि भावंडे; त्यांवर पाच-पाच मोजत, खोडलेल्या अक्षराच्या पुढून पुन्हा सुरुवात करत गेलो, तर E, M, S, L, A अशी अक्षरे जातात आणि F, म्हणजे मैत्री, उरते. आता तीच मुलगी आपले नाव PUJA असे लिहिते. केवळ A खोडला जातो, सहा अक्षरे उरतात आणि उत्तर येते M, म्हणजे लग्न. मुलगा तोच आणि मुलगीही तीच असताना निकाल बदलतो, कारण खेळापर्यंत नावे पोहोचतच नाहीत, केवळ उरलेल्या अक्षरांची संख्या पोहोचते. 1 ते 18 पर्यंतच्या संख्यांत प्रेम फक्त 10 ला येते, शत्रुत्व मात्र 2, 4, 7 आणि 9 अशा चार संख्यांना.

औंधची वाचक: म्हणजे नावे लांब असली की प्रेम येण्याची शक्यता वाढते, असेच ना?

पेठेतला गणित शिक्षक: नाही. 10 ला प्रेम येते, पण 11 ला लग्न आणि 12 ला आपुलकी. 10 नंतर प्रेम थेट 19 ला येते.

हडपसरची पूजा: तुम्ही माझ्याच नावाला हात घातलात, म्हणून सांगते. माझ्या शाळेच्या दाखल्यावर POOJA आहे आणि पासपोर्टवर PUJA, आणि या दोन ओ-यूपायी मी एका कार्यालयात तीन वेळा हेलपाटे घातले. दीर्घ ऊ रोमन लिपीत कसा लिहायचा, हे कधी कुणी ठरवणार आहे की नाही?

औंधची वाचक: माझ्या भावाच्या नावात एक जास्तीचा ए आहे, त्याचेही हेच झाले.

कोथरूडकर: दाखल्यांचा विषय इथे कशाला? शिवाय तुमचा नियमच चुकीचा आहे, सर. आमच्या शाळेत सामाईक अक्षर जितक्या वेळा आले असेल तितक्या वेळा सगळेच खोडत असू.

पेठेतला गणित शिक्षक: मग POOJA चे दोन्ही O जातात, चारच अक्षरे उरतात आणि अमोल तिचा शत्रू ठरतो. तुम्ही माझेच म्हणणे सिद्ध केलेत!

कोथरूडकर: आवाज चढवू नका. स्पेलिंगने निकाल बदलतो, एवढे मान्य करतो. पण माझे उत्तर लग्न आले होते आणि त्याच मुलीशी माझे लग्न झाले, ते मी कसे खोडू?

हडपसरची पूजा: आठवीत माझ्या बाकावरच्या मुलाचे उत्तर शत्रू आले आणि तो वर्षभर माझ्याशी बोलला नाही. तेव्हा वहीवर मी माझे नाव दोन ओ घालून लिहिले होते.