मदत हवी आहे: शनिवार-रविवार ऑफिस बंद, तरी सोमवारी सकाळी तिकीट ओव्हरड्यू कसं? (सर्व्हिसनाऊ एसएलए)

पाषाणकर
नमस्कार मंडळी, कामातला प्रश्न आहे, इथे सपोर्टमधले बरेच जण आहेत म्हणून विचारतोय. आम्ही पुण्यातून एका क्लायंटचा हेल्पडेस्क चालवतो, टूल सर्व्हिसनाऊ. पी3 तिकिटाला 8 तासांचा रिझोल्यूशन एसएलए आहे, शेड्यूल सोमवार ते शुक्रवार सकाळी 9 ते संध्याकाळी 6, आणि सुट्ट्यांची यादी सुद्धा सिस्टीममध्ये टाकलेली आहे, मी स्वतः उघडून बघितली, 15 ऑगस्ट त्यात आहे.

आता झालं काय की गुरुवारी 14 ऑगस्टला दुपारी 4 वाजता एक तिकीट आलं. शुक्रवारी सुट्टी, मग शनिवार-रविवार, आणि आज सोमवारी 18 तारखेला 9 वाजता लॉगिन केलं तर तिकीट लाल, एसएलए ब्रीच्ड! तसली अजून बरीच तिकिटं आहेत. पोरांनी काम केलंच नाही असं क्लायंटच्या मॅनेजरला वाटतंय, मेल आलाय, आणि मला ते मनाला लागलंय कारण त्या तिकिटावर प्रत्यक्षात आमचे दोनच तास गेलेत. घड्याळ वीकेंडला पळत राहतं का? कुठे बघू?

सातपुडा_07
हे नेहमीचंच आहे. तुम्ही चुकीचा कॉलम बघताय. `Actual elapsed percentage` हा सगळे तास मोजतो, रात्र-दिवस, रविवार, सगळं. गुरुवार 4 ते सोमवार 9 म्हणजे 89 तास होतात, 8 तासांच्या एसएलएवर ते 1100 टक्क्यांच्या वर दिसणारच. लिस्टमध्ये `Business elapsed percentage` कॉलम ओढून घ्या, तिथे 25 टक्के दिसेल आणि विषय संपला. आमच्याकडे डॅशबोर्डवाल्याने हाच कॉलम लावला होता त्यामुळे दर सोमवारी बोंबाबोंब.

मीनल_ठाणे
आमचं फ्रेशडेस्क आहे, तिथे हे झालं होतं. एसएलए पॉलिसीत प्रत्येक प्रायॉरिटीसमोर बिझनेस अवर्स की कॅलेंडर अवर्स असं निवडायचं असतं, आणि अर्जंटला कॅलेंडर अवर्स ठेवलेलं होतं म्हणून रविवारी पहाटे एस्कलेशनचे मेल यायचे. तुम्ही अर्जंटचं सेटिंग बदलून बघा.

पाषाणकर
मीनलताई, आमचं तिकीट पी3 आहे आणि टूल वेगळं आहे, पण धन्यवाद. सातपुडा, तुम्ही म्हणता तसा कॉलम लावला. `Actual` मध्ये खरंच 1112 दिसतंय, पण `Business elapsed percentage` सुद्धा 25 नाहीये, 137.5 आहे. म्हणजे तिथेही गेलंच की.

सातपुडा_07
मग तुमचं शेड्यूलच लागलेलं नसणार, 24 तासांवर चाललंय घड्याळ.

जुनाजाणता
थांबा, घाई नको, 137.5 हा आकडाच सांगतोय काय झालंय ते. शेड्यूल लागलं नसतं तर दोन्ही कॉलम सारखेच आले असते, दोन्हीकडे 1112. तसं नाहीये. 8 तासांचे 137.5 टक्के म्हणजे 11 तास. गुरुवारी 4 ते 6 हे 2 तास, उरले 9. आणि 9 तास म्हणजे तुमच्या शेड्यूलचा पूर्ण एक दिवस. म्हणजे शनिवार-रविवार बरोबर वगळले गेलेत, शुक्रवार तेवढा मोजला गेलाय. तुमची अडचण वीकेंडची नाहीच, 15 ऑगस्टची आहे, पण तुम्ही सगळे परत आलात सोमवारी म्हणून ती वीकेंडची वाटते.

पडताळा करायचा तर त्याच एसएलए रेकॉर्डवर `Breach time` बघा. माझ्या हिशोबाने तिथे शुक्रवार 15 ऑगस्ट दुपारी 3 असणार (गुरुवारचे 2 + शुक्रवारी 9 ते 3 चे 6). सुट्टी धरली असती तर तीच वेळ सोमवारी दुपारी 3 आली असती. आणि मिनिटं-तास वेडेवाकडे नसतील तर टाइमझोनवर सुद्धा संशय घ्यायला नको.

पाषाणकर
अगदी तेच! शुक्रवार, 15:00:00. पण मग यादीत 15 ऑगस्ट आहे तर तो मोजला कसा?

जुनाजाणता
यादी सिस्टीममध्ये असणं वेगळं आणि तुमच्या शेड्यूलला जोडलेली असणं वेगळं. सर्व्हिसनाऊमध्ये सुट्ट्यांची यादी हे सुद्धा एक शेड्यूलच असतं. तुमचं 9 ते 6 चं शेड्यूल उघडा, खाली `Child Schedules` ची लिस्ट आहे, तिथे तुमची यादी दिसली पाहिजे. ती नसेल तर यादीत शंभर सुट्ट्या टाका, घड्याळाला त्याचा पत्ताच नाही. ती असेल तर पुढची पायरी, त्या यादीतली 15 ऑगस्टची एन्ट्री उघडून `Type` बघा, तिथे `Excluded` पाहिजे.

एक शंका आहे. मूळ इन्स्टन्समध्ये `8-5 weekdays excluding holidays` नावाचं तयार शेड्यूल येतं आणि त्याला `U.S. Holidays` जोडलेलं असतं. बरेच व्हेंडर नवीन शेड्यूल न बनवता त्याचीच वेळ आणि नाव बदलून देतात. बघा तर तुमच्याकडे तसं आहे का.

अंदाजावर राहू नका, अ‍ॅडमिनला सांगून बॅकग्राउंड स्क्रिप्टमध्ये हे चालवून घ्या. वेळा यूटीसीमध्ये द्यायच्या, म्हणजे आपल्या वेळेतून साडेपाच तास वजा:

```
var s = new GlideSchedule('शेड्यूलचा sys_id', 'Asia/Kolkata');
var a = new GlideDateTime('2025-08-14 10:30:00');
var b = new GlideDateTime('2025-08-18 03:30:00');
gs.info(s.duration(a, b).getDisplayValue());
```

उत्तर 2 तास आलं तर शेड्यूल ठीक आहे आणि दुसरीकडे शोधायचं. 11 आलं तर शेड्यूलमध्येच खोट आहे. ह्याचा फायदा असा की एसएलए, तिकीट, डॅशबोर्ड सगळं बाजूला राहतं आणि फक्त कॅलेंडर तपासलं जातं.

पाषाणकर
चालवलं. 11 तास आले. आणि तुमची शंका खरी निघाली, `Child Schedules` मध्ये `U.S. Holidays` आहे, आमची भारताची यादी कुठेच जोडलेली नाही, ती नुसती बनवून ठेवली आहे. सेटअप व्हेंडरने केला होता, दोन वर्षांपूर्वी.

म्हणजे 4 जुलैला काय झालं असेल? तो शुक्रवारच होता, आम्ही सगळे ऑफिसात होतो.

जुनाजाणता
4 जुलैला तुमचं घड्याळ दिवसभर बंद होतं. तुम्ही काम करत होतात आणि वेळ मोजली जात नव्हती, म्हणून त्या दिवशी कुणीच तक्रार केली नाही. ही चूक दोन्ही बाजूंनी असते पण जी बाजू आपल्या फायद्याची ती कुणाच्या डोळ्यावर येत नाही. क्लायंटला सांगताना दोन्ही सांगा, फक्त 15 ऑगस्टचं सांगाल तर पुढच्या वेळी विश्वास ठेवणार नाहीत. आणि 1 सप्टेंबर सोमवारी त्यांचा लेबर डे आहे, त्याच्या आत यादी बदला नाहीतर परत तेच.

यादी जोडताना एक गोष्ट नीट बघा. 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, 1 मे ह्या एन्ट्रीज दरवर्षी रिपीट होणाऱ्या ठेवल्या तर चालतात. गणेश चतुर्थी, दिवाळी, ईद, होळी ह्यांना रिपीट अजिबात लावू नका. ह्या वर्षी गणेश चतुर्थी 27 ऑगस्टला आहे, पुढच्या वर्षी 14 सप्टेंबरला. रिपीट लावलंत तर 2026 मध्ये 27 ऑगस्टला कामाच्या दिवशी घड्याळ थांबेल आणि 14 सप्टेंबरला, तोही सोमवार आहे, सुट्टीत पळेल. तिथीच्या सुट्ट्या दर डिसेंबरात हातानेच भरायच्या, त्याला दुसरा इलाज नाही आणि ते कुणाच्या तरी नावावर काम म्हणून लिहिलेलं असलं पाहिजे.

सातपुडा_07
माझा कॉलमचा मुद्दा अर्धाच बरोबर होता तर. पण डॅशबोर्ड तरी `Business` वर करून घ्या, नाहीतर यादी दुरुस्त झाली तरी सोमवारी लाल दिसेलच.

हरवलेला_पत्ता
ह्याच धाग्यात विचारतो. आमच्याकडे उलटं आहे, पी4 चा एसएलए `3 Days` लिहिलाय आणि क्लायंट म्हणतो तीन दिवस उलटून गेले तरी तिकीट हिरवंच कसं. शेड्यूल आमचंही 9 ते 6.

जुनाजाणता
तिथे एक दिवस म्हणजे 24 तासच धरतात, शेड्यूल काही का असेना. 3 दिवस म्हणजे 72 तास, आणि 9 तासांच्या दिवसाने ते 8 कामाचे दिवस होतात. तुम्हाला तीन कामाचे दिवस हवे असतील तर 27 तास लिहा. पण आधी काँट्रॅक्ट वाचा, त्यात नक्की काय आहे ते.

पाषाणकर
अपडेट. `U.S. Holidays` काढून आमची यादी जोडली, स्क्रिप्ट परत चालवली, 2 तास आले. पण जी तिकिटं आधीच लाल झाली ती लालच आहेत. ती आपोआप सुधारतील ना?

जुनाजाणता
त्याची वाट बघू नका. तिकिटावर `Repair SLAs` आहे, ते जुना एसएलए रेकॉर्ड काढून टाकतं आणि तिकिटाच्या हिस्टरीवरून नवीन बनवतं, आताच्या शेड्यूलप्रमाणे. आधी एका तिकिटावर करून `Breach time` सोमवार दुपारी 3 आली का ते बघा, मग बाकीच्यांवर. करायच्या आधी `task_sla.list` उघडून सध्याची यादी एक्सपोर्ट करून ठेवा, कारण रिपेअरनंतर जुने आकडे राहत नाहीत आणि कुणी विचारलं की आधी काय होतं तर दाखवायला काही नसतं.

मीनल_ठाणे
पण ज्या महिन्यांचे रिपोर्ट क्लायंटला गेलेत त्यांची तिकिटं पण रिपेअर करायची का? आमच्याकडे पेनल्टी लागते त्यावर.

जुनाजाणता
माझं मत, बंद झालेल्या महिन्यांना क्लायंटच्या लेखी होकाराशिवाय हात लावू नये.

सातपुडा_07
मी नाही मानत. चुकीचे आकडे माहीत असून ठेवायचे आणि पेनल्टी भरायची, कशाला?

पाषाणकर
ऑगस्टची तिकिटं रिपेअर केली, `Breach time` बरोबर आली, क्लायंटला 4 जुलैसकट सगळं लिहून पाठवलं. जुन्या महिन्यांचं मॅनेजमेंट ठरवतंय.

आता सप्टेंबर आणि नवीन पेच. आमचे काही लोक मुंबईतून बसतात. ईदची सुट्टी 5 सप्टेंबर शुक्रवारची होती, ती सरकारने मुंबई शहर आणि उपनगरासाठी सोमवार 8 तारखेला नेली कारण 6 ला अनंत चतुर्दशीच्या मिरवणुका. पुण्यात मात्र 5 च. ऑफिसने पण तसंच केलं. म्हणजे शुक्रवारी मुंबई चालू पुणे बंद, सोमवारी उलट, आणि एसएलएला शेड्यूल एकच. घड्याळ कुठल्या दिवशी थांबवू?

जुनाजाणता
दोन शेड्यूल करून एसएलए डेफिनिशनमध्ये `Schedule source` ला `Task field` देता येतं, म्हणजे तिकिटावरच्या फील्डवरून शेड्यूल उचलेल. पण तिकीट पुण्यातून मुंबईच्या टीमकडे गेलं की कुठलं धरायचं हे ठरवावं लागतं. त्याआधीचा प्रश्न असा की काँट्रॅक्टमध्ये सुट्टी कुणाची लिहिली आहे, तुमच्या लोकांची की सेवेची? दोन्ही दिवशी एक टीम हजर असेल तर क्लायंट म्हणू शकतो की सेवा चालू होती, घड्याळ थांबवायचं कारणच नाही.

पाषाणकर
काँट्रॅक्टमध्ये फक्त 'सार्वजनिक सुट्ट्या वगळून' एवढंच आहे, कुठल्या ठिकाणच्या ते नाही. कुणाकडे दोन शहरांच्या टीमसाठी ही ओळ नीट लिहिलेली असेल तर तेवढा मजकूर इथे टाका ना, नवीन करार ऑक्टोबरात व्हायचाय.