मदत हवी आहे: सहाव्या सेमिस्टरला जर्मनीत एक्स्चेंज मिळालंय, कॉलेज म्हणतंय 'रजेचा अर्ज द्या'

तिसरंवर्ष_मेक

नमस्कार. मी पुण्यातल्या एका स्वायत्त कॉलेजात बी.टेक. मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमच्या कॉलेजचा जर्मनीतल्या एका होखशूलेशी करार आहे आणि त्यातून सहाव्या सेमिस्टरसाठी माझं नाव गेलंय. तिथली फी माफ आहे, इथली नेहमीसारखी भरायची. तिथलं सत्र मार्चच्या मध्यात सुरू होतं आणि परीक्षा जुलैत होतात.

मी स्टुडंट सेक्शनला गेलो तर त्यांनी एक छापील फॉर्म हातात दिला: 'दीर्घ रजेसाठी अर्ज'. कारणाच्या रकान्यात आजारपण, कौटुंबिक, इतर. मी 'इतर' वर खूण करून आलो. एच.ओ.डी. सर म्हणाले, "जाऊन ये, क्रेडिटचं आल्यावर बघू." माझं सहावं सेमिस्टर 21 क्रेडिटचं आहे. हीट ट्रान्सफर 4, मशिन डिझाइन-2 4, फायनाइट एलिमेंट 4, दोन इलेक्टिव्ह प्रत्येकी 3, मिनी प्रोजेक्ट 2, कम्युनिकेशन 1. सातवं सुरू होताच ऑगस्टमध्ये प्लेसमेंट. अर्ज कसा लिहू?

आकाशकंदील

अभिनंदन भावा! टेन्शन नको. आता एबीसी आयडी असतो ना सगळ्यांना, क्रेडिट आपोआप त्यात जमा होतात. मार्कशीट आणलीस की झालं.

बाबांचा_फोन

माझ्या पुतण्यालाही जर्मनीला जायचं आहे. बँकेने कर्जासाठी तारण मागितलं. तुम्ही एज्युकेशन लोन कुठून घेतलंत? आणि ब्लॉक्ड अकाउंटला वर्षाचे 11,904 युरो एकदम भरावे लागतात का?

तिसरंवर्ष_मेक

काका, मी पदवीला नाही जात, फक्त एका सेमिस्टरला. लोन घेतलेलं नाही. मला दरमहा 992 च्या हिशोबाने राहायचे तेवढेच महिने दाखवा म्हणून सांगितलंय. पुतण्याचं वेगळं असेल.

माजी_परीक्षाविभाग

तो फॉर्म आजच्या आज परत घे. मी एका स्वायत्त कॉलेजच्या परीक्षा विभागात अकरा वर्षं काढली आहेत, म्हणून इतकं ठामपणे सांगतो.

रजा म्हणजे त्या सत्रात तू शिकत नव्हतास. रजा मंजूर झाली की सिस्टिममध्ये तुझी सहाव्याची नोंदणीच होत नाही. नोंदणी नाही म्हणून टर्म ग्रँट नाही, आणि टर्म नाही म्हणून क्रेडिट चढवायला जागाच नाही. मग तू जर्मनीतून कितीही चांगला निकाल आण, आमच्यासारखा कारकून म्हणणार, "हे कुठे लिहू?" तुला रजा नको. तुला 'सहाव्या सत्रासाठी नोंदणी कायम ठेवून परदेशी संस्थेत अध्ययनाची पूर्वपरवानगी आणि क्रेडिट हस्तांतरण' हवं आहे. उपस्थितीच्या 75 टक्क्यांच्या अटीतून सूट त्याच अर्जात माग, नाहीतर मे महिन्यात डिटेन्शनच्या यादीत नाव दिसेल.

एबीसीबद्दल वर लिहिलंय ते अर्धं खरं. खातं तुझं असतं, पण जर्मन संस्था त्यात काही भरत नाही. तुझ्या कॉलेजने ते क्रेडिट स्वतःच्या गुणपत्रिकेवर घेतले तरच पुढे जातात. म्हणजे गाडी परत परीक्षा विभागापाशीच येते.

'आल्यावर बघू' हे वाक्य कागदावर आणायचं असेल तर अर्जाला विषयनिहाय तक्ता जोड. डावीकडे आपला विषय, उजवीकडे तिथला, दोन्हींचा अभ्यासक्रम सोबत. त्यावर एच.ओ.डी., बोर्ड ऑफ स्टडीज आणि डीन यांची सही, एक प्रत परीक्षा विभागाला. जाण्याआधी.

नेकारकाठी

मी इथे श्टुटगार्टजवळ असते, आमच्याकडे दर वर्षी भारतातली मुलं येतात. तुला जो लर्निंग अ‍ॅग्रीमेंटचा कागद आला असेल तोच त्या तक्त्याचा पाया कर.

तुझ्या 21 ला इथले साधारण 30 ईसीटीएस येतात, म्हणजे आपल्या एका क्रेडिटला दीड. पण विषयागणिक तोच गुणाकार करशील तर फसशील. इथला बहुतेक विषय 5 ईसीटीएसचा असतो. दीडने भागलं तर 3.33, आणि तुझं हीट ट्रान्सफर 4 चं. सर म्हणणार कमी पडतंय. ईसीटीएसमध्ये घरी केलेला अभ्यासही धरतात, एकाला 25 ते 30 तास. आपण फक्त वर्गातले तास मोजतो. म्हणून मोड्यूल हँडबुक काढ, त्यात आठवड्याचे तास दिलेले असतात. 5 ईसीटीएसला बहुधा चार असतात. ते पान आणि अभ्यासक्रम समोर ठेव आणि विषयाला विषय मागून घे.

आणखी एक. इथे आल्यावर पहिल्या दोन आठवड्यांत वेळापत्रक आदळतं, एखादा इंग्रजीतला विषय रद्द होतो. मुलं दुसरा विषय घेतात आणि घरी कळवत नाहीत. त्याच दिवशी मेल करून बदललेल्या तक्त्यावर तुझ्या सरांची सही मागव.

तिसरंवर्ष_मेक

ताई, खूप उपयोग झाला. बसून तक्ता केला. हीट ट्रान्सफर, फायनाइट एलिमेंट, दोन्ही इलेक्टिव्ह आणि मिनी प्रोजेक्ट जुळतंय. कम्युनिकेशनला जर्मन भाषा चालेल म्हणाले. मशिन डिझाइन-2 मात्र तिथे फक्त जर्मनमध्ये आहे, आणि माझी जर्मन ए1.

आकाशकंदील

मग ते एनपीटीईएलवर कर ना. जानेवारीची बॅच, तिथे बसून व्हिडिओ बघ.

माजी_परीक्षाविभाग

व्हिडिओ बघेल रे, पण परीक्षा प्रत्यक्ष केंद्रावर द्यावी लागते आणि केंद्रं भारतातल्या शहरांत. जानेवारीच्या बॅचची परीक्षा एप्रिलच्या आसपास, तेव्हा हा तिकडे. जुलैची बॅच घेतली तर जमेल, पण तो विषय एनपीटीईएलने चालेल हे बोर्ड ऑफ स्टडीजकडून आधी लिहून घे. नाहीतर सातव्यासोबत त्याची नोंदणी करून इथेच परीक्षा दे. दोन्हीत ऑगस्टमध्ये तुझे चार क्रेडिट बाकी दिसणार. तो बॅकलॉग नाही, 'नोंदणी पुढे ढकलली' आहे, असं प्लेसमेंट सेलला कळवणारं पत्र डीनकडून घेऊन ठेव. कंपन्या 'नो लाइव्ह बॅकलॉग' ही अट सॉफ्टवेअरच्या गाळणीने लावतात, तिथे समजावून सांगायला माणूस नसतो.

शेवटचा_बाक

मी गेलो होतो, वेगळ्या कॉलेजातून. माझं गुणांवरून अडलं. तिकडे 1.0 सर्वोत्तम, 4.0 ला पास. मला 2.3 होते, म्हणजे चांगले. आमच्या कॉलेजातल्या क्लार्क ताईंनी 10 पैकी 2.3 समजून 'अनुत्तीर्ण' टाकलं. दोन महिने चकरा.

नेकारकाठी

त्यासाठी इथे बव्हेरियन सूत्र वापरतात, तेच उलटं फिरवायचं. आपले सर्वोच्च 10 आणि पासाचे 4 धरले तर

```
2.3 = 1 + 3 × (10 − ग) / (10 − 4)
ग = 7.4
```

म्हणजे 2.3 ला 7.4. पण तुमचं कॉलेज हे मानतंय, की नुसतं 'पास' लिहून सीजीपीएमधून वगळतंय, ते आधी विचार. सीजीपीए बरा असेल तर वगळलेलंच बरं.

तिसरंवर्ष_मेक

आज सकाळी फॉर्म परत घेतला. क्लार्क काका म्हणाले, "असला अर्ज आमच्याकडे पहिलाच, नमुना नाही." मी दोन पानी अर्ज आणि तक्ता दिला, आवक क्रमांक घेतला. बोर्ड ऑफ स्टडीजची बैठक डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात. तिथली कागदपत्रांची मुदत त्याआधी चार दिवस संपते. सर तात्पुरती सही द्यायला तयार आहेत.

आणि एक राहिलंच. मला ईबीसीची सवलत आहे. तिकडे असताना महाडीबीटीवर उपस्थितीचं काय होतं, कुणाला अनुभव?

माजी_परीक्षाविभाग

तात्पुरती सही चालेल, पण 'बैठकीच्या मंजुरीच्या अधीन' असं सरांना तिथेच लिहायला सांग. म्हणजे तिकडच्यांना नंतर आश्चर्य नको. महाडीबीटीचं आमच्याकडे दुसरं टेबल बघायचं, त्यामुळे उगाच काही सांगत नाही. कॉलेजच्या शिष्यवृत्ती क्लार्कला भेट, आणि जे सांगतील ते लेखी घे.

बाबांचा_फोन

पुतण्याला विचारलं, त्यालाही फक्त एक सेमिस्टरच जायचं आहे म्हणतो. मग लोन कशाला मागतोय?