प्रतिसाद: फरक सिद्ध झाला नाही, म्हणजे फरक नाही असं नव्हे

> "दोन्ही गटांत ५०-५० रुग्ण. रक्तस्राव नव्या औषधावर ८ जणांना, जुन्यावर ५ जणांना. फरक लक्षणीय नाही, म्हणून लेखकांच्या मते नवं औषध 'तितकंच सुरक्षित'. संपादकांना काय लिहू?"

पत्राचा सगळा भर विश्वास-अंतरालावर, म्हणजे खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो त्या पट्ट्यावर ठेवा. पी-मूल्यावर वाद घालत बसू नका. या आकड्यांवरून फरक शेकडा ६ येतो, पण त्याचा ९५ टक्के अंतराल साधारण उणे ७ ते अधिक १९ आहे. म्हणजे नव्या औषधाने दर शंभरात आणखी १९ जणांना रक्तस्राव होत असेल, ही शक्यताही या चाचणीने फेटाळलेली नाही. असं असताना 'तितकंच सुरक्षित' म्हणणं मला धोकादायक वाटतं, कारण घाईतला डॉक्टर सारांशातलं तेवढंच वाक्य वाचून औषध लिहून देतो.

मग चाचणीची नोंदणी उघडून पाहा. समतुल्यता दाखवायची असेल तर किती फरक चालेल ही मर्यादा आधीच ठरवावी लागते आणि रुग्णसंख्याही त्यावरूनच काढतात. मर्यादा तिथे नसेल तर तसं स्पष्ट लिहा.

शेवटी दुरुस्त वाक्य तुम्हीच सुचवा: 'रक्तस्रावाच्या धोक्याबद्दल या चाचणीवरून निष्कर्ष काढता येत नाही.' लेखकांच्या हेतूवर मात्र एक शब्दही नको.