सुपरट्रेंडची लाइन भावाला चिकटवली की तोटा खरंच कमी होतो?

फास्टट्रेड_सांगली: 10-3, म्हणजे पिरियड 10 आणि मल्टिप्लायर 3, हे म्हाताऱ्यांचं सेटिंग आहे. मी 15 मिनिटांवर 7-1.5 लावतो, लाइन भावाला चिकटून चालते, तोटा छोटा होतो. तुम्ही लोक उगाच एवढा मोठा स्टॉप का देता तेच कळत नाही.

वायदेवाला_ठाणे: हे अर्धंच गणित आहे भाऊ, आणि नवी पोरं असलंच वाचून निफ्टी फ्युचरमध्ये उतरतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. 15 मिनिटांवर एटीआर, म्हणजे कँडलची सरासरी रेंज, 30 धरा. मल्टिप्लायर 3 असेल तर लाइन कँडलच्या मध्यापासून 90 लांब, 1.5 असेल तर 45. आता मार्केटला दिशा नाहीये असं समजा. अंतर अर्धं केलं की फ्लिप, म्हणजे लाइन तुटून बाजू बदलायच्या वेळा, दुप्पट होत नाहीत, साधारण चौपट होतात, कारण दिशा नसलेल्या भावाला दुप्पट लांब जायला चौपट वेळ लागतो. म्हणजे फटका अर्धा पण फटके चौपट, बेरीज दुप्पट. आणि खर्च तर सरळ चौपट. निफ्टी 24,000 ला असताना विक्रीवरचा एसटीटी 0.02 टक्क्यानेच धरला तरी प्रत्येक ट्रेडला पाचेक पॉइंट जातात, ब्रोकरेज आणि स्लिपेज अजून वेगळं. 45 मधून 5 गेले की दर फेरीला नववा हिस्सा सरकारला.

दुसरं म्हणजे तोटा लाइनच्या अंतराएवढाच होतो हा पण गैरसमज आहे. 10-3 वरच बघा. तेजीची लाइन 23,940 ला आहे, साडेअकराची कँडल 23,930 ला बंद झाली, हाय 23,965, लो 23,925. फ्लिप. तुम्ही 23,930 ला विकलं. नवी लाइन मध्यापासून मोजली जाते, मध्य 23,945, म्हणून लाइन आली 24,035 ला. तिथून भाव खाली गेलाच नाही आणि दुपारी 24,040 ला बंद झाला. 110 गेले, 90 नाही. लाइन जितकी जवळ, तितका हा वरचा 15-20 चा हिस्सा जास्त बोचतो.

फास्टट्रेड_सांगली: एवढं गणित कशाला राव. तुमच्या 10-3 मध्ये पण दहातले सहा ट्रेड तोट्यातच जातात ना, स्वतःच मागे लिहिलं होतंत!

वायदेवाला_ठाणे: लिहिलं होतं आणि परत लिहितो. अगदी दिशाहीन चालीतसुद्धा असा ट्रेलिंग स्टॉप लावला तर हिशोबाने साधारण 63 टक्के ट्रेड तोट्यात जातात, मल्टिप्लायर कुठलाही घ्या. त्यामुळे दहात सहा तोटे म्हणजे सेटिंग बिघडलं असं होत नाही. उरलेल्या तीन-चार ट्रेडनी सगळ्यांचा हिशोब चुकता केला पाहिजे, आणि 1.5 वर तुम्ही नेमके तेच ट्रेड अर्ध्यात सोडता.

बॅकटेस्ट_पुणे: दोघंही अंदाजाने बोलताय. मी बँक निफ्टीवर तीन वर्षांचा डेटा घेऊन पिरियड 5 ते 20 आणि मल्टिप्लायर 1 ते 5 सगळी कॉम्बिनेशन चालवली, सगळ्यात वर आलं 11-2.3. डेटा सांगतो तेच वापरायचं, वाद कशाला?

वायदेवाला_ठाणे: साहेब, 2.2 आणि 2.4 ला काय आलं? आणि खर्च धरला होता का?

बॅकटेस्ट_पुणे: खर्च धरला होता. 2.2 ला जेमतेम बरोबरीत, 2.4 ला थोडा तोटा. पण 2.3 ला नफा आहे हे तर खरं ना.

वायदेवाला_ठाणे: शेजारचे दोन्ही मेले आणि मधला एकटा जिवंत, म्हणजे त्या तीन वर्षांतल्या दोन-चार मोठ्या चाली 2.3 ला योगायोगाने सापडल्यात. 2.5 ते 3.5 असा सगळा पट्टाच बरा चालत असेल तर त्याच्या मधलं घ्या, नसेल तर काहीच घेऊ नका. आणि एक सांगा, तुमच्या टेबलात पिरियड बदलून किती फरक पडला?

बॅकटेस्ट_पुणे: फारसा नाही. हे मात्र मान्य करावं लागेल, 7 ते 14 मध्ये आकडे जवळजवळ तेच. पण मग पिरियड असतोच कशाला?

वायदेवाला_ठाणे: धक्क्यासाठी. 4 जून 2024 आठवा, निकालाचा दिवस. आदल्या दिवशी निफ्टी 23,264 ला बंद, त्या दिवशी 21,281 चा लो, बंद 21,884. ट्रू रेंज जवळपास 2,000. डेली चार्टवर एटीआर आधी 300 धरला तर पिरियड 10 ला तो एका दिवसात 170 ने वाढतो, पिरियड 7 ला 240 ने. गुणिले 3 करा, त्या दिवशी आखलेली नवी लाइन पाचशे ते सातशे पॉइंट जास्त लांब. 7 वाला जास्त फुगतो पण लवकर उतरतो, दहाएक कँडलनंतर दोघांचा फुगवटा जवळपास सारखाच. पिरियडचं काम एवढंच, फ्लिप किती होणार ते मल्टिप्लायर ठरवतो.

चार्टवाली_नाशिक: मी फ्युचर करतच नाही, फक्त शेअर घेते, वीकली 10-3. लाइन तुटली की विकते आणि पैसे बाजूला ठेवते, शॉर्ट नाही. तुमच्या 110 पॉइंटच्या गोष्टीत मला फक्त 23,930 ला विकून 24,040 ला परत घ्यावं लागलं असतं. मग व्हिपसॉ मला पण तेवढाच पडला का?

वायदेवाला_ठाणे: ताई, ती शॉर्टची फेरी तुमची झालीच नसती, पण तोच माल 110 ने महाग घेतलात म्हणजे मागे तेवढ्याच राहिलात. फक्त मोठ्या पडझडीतली कमाई तुम्हाला मिळत नाही. वीकलीवर फ्लिप मोजकेच, त्यामुळे खर्चाचं दुखणं तुम्हाला जवळपास नाहीच.

प्रीमियम_किंग: सगळे निफ्टीच्या चार्टवर का अडकलात? मी थेट ऑप्शनच्या प्रीमियमवर सुपरट्रेंड लावतो, 5 मिनिट, 10-2. सेल आला की विकायचं. रोज पैसे.

बॅकटेस्ट_पुणे: हा सगळ्यात धोकादायक सल्ला आहे. निफ्टी दिवसभर पन्नास पॉइंटमध्ये बसला तरी प्रीमियम 140 वरून 95 ला येतो, नुसत्या वेळेने. तुमची लाइन ट्रेंड दाखवत नाहीये, थीटा दाखवतेय. त्याच वेळी त्याच स्ट्राइकचा कॉल आणि पुट दोन्ही चार्ट उघडून बघा, दोन्हीकडे सेल दिसेल. निफ्टी एकाच वेळी वर पण नाही आणि खाली पण नाही असा ट्रेंड असतो का?

प्रीमियम_किंग: दोन्हीकडे सेल असतो म्हणूनच मी दोन्ही विकतो! ट्रेंड आहे की थीटा आहे त्याच्याशी मला काय घेणं, खात्यात पैसे येतात ना. तुम्ही एक्सेल करत बसा.

बॅकटेस्ट_पुणे: तोंड सांभाळून बोला. सेबीने सप्टेंबर 2024 मध्ये सांगितलं की तीन वर्षांत एफ अँड ओ करणाऱ्या व्यक्तींपैकी 93 टक्के तोट्यात, ते सगळे पण रोज पैसे येतात असंच म्हणत होते.

वायदेवाला_ठाणे: भांडू नका. किंग, दोन्ही विकून शांत दिवशी पैसे येतात हे खरंच आहे, पण ते थीटाचे, लाइनचे नाहीत. लाइन काढून सकाळी दोन्ही विकून बघा, किती फरक पडतो ते कळेल. आणि तुमचा फ्लिप कँडल बंद झाल्यावरच येतो. 4 जूनसारखी पाच मिनिटं आली तर 10-2 चा स्टॉप कुठे सुटेल?

प्रीमियम_किंग: तसा दिवस वर्षातून एकदा येतो, त्या दिवशी मी ट्रेडच घेत नाही.

चार्टवाली_नाशिक: तो दिवस आहे हे सकाळी सव्वानऊला कसं कळतं दादा?

फास्टट्रेड_सांगली: विषय माझ्या 1.5 चा होता, तुम्ही ऑप्शनमध्ये घुसलात. चला, खर्च चौपट होतो हे मानलं, बस्स? पण 3 वर 110 पॉइंटचा फटका एका लॉटला माझ्या भांडवलाला झेपत नाही, म्हणून मी लाइन जवळ ठेवतो. त्याचं उत्तर कोणीच देत नाहीये.

वायदेवाला_ठाणे: झेपत नसेल तर लाइन जवळ आणून झेपत नाही, फटके वाढतात फक्त. एक लॉट हा फ्युचरमधला सगळ्यात लहान माप आहे, त्याच्या खाली जाता येत नाही, मग निफ्टीचा ईटीएफ घ्या आणि जितकं झेपेल तितकीच युनिट, 3 वरच.

फास्टट्रेड_सांगली: ईटीएफमध्ये शॉर्ट कुठे करता येतं पोझिशनल? अर्धी सिस्टम गेली.

वायदेवाला_ठाणे: हो, गेली. एका लॉटच्या भांडवलात पूर्ण सिस्टम बसत नाही, यावर माझ्याकडे पण तोडगा नाही.