फोटो आपोआप कापायचा तर मधोमध, की नजर जाते तिथे?

माणदेशी: आमच्या साप्ताहिकाचे जुने फोटो संकेतस्थळावर चढवतोय. मूळ सगळे आडवे, ६००० बाय ४००० पिक्सेल. पहिल्या पानाला चौकोन हवा, मोबाइलला ९:१६ ची उभी पट्टी. वारीतल्या रिंगणाच्या फोटोत अश्व डावीकडे आहे. मधोमध कापलं तर तो अर्धा तुटतो. खालची आज्ञा चालवली तर अश्व अख्खाच गेला आणि उजवीकडच्या पताका उरल्या. मग या ‘स्मार्ट’ कापण्यात मधोमधपेक्षा चांगलं काय आहे?

```
vipsthumbnail ringan.jpg --size 800x800 --smartcrop attention -o ringan_sq.jpg
```

तिरपा_कोन: काहीच नाही. वर्तमानपत्रासाठी फोटो काढण्यात आयुष्य गेलंय माझं, म्हणून सांगतो. मधोमध कापणारं यंत्र मूर्ख आहे, पण त्याचा मूर्खपणा ठाऊक असतो. ते काय घालवणार हे फोटो काढतानाच कळतं, त्या हिशेबाने आपण चौकट धरतो. हे नवं यंत्र आज पताका धरेल, उद्या कुणाची लाल टोपी. हजार फोटोंतले कुठले बिघडले हे शोधायला पुन्हा हजार फोटो बघायचे, मग वाचलं काय?

आदित्य_के: एवढा काथ्याकूट कशाला? चेहरे ओळखणारं लावा, चेहरा चौकटीत ठेवा, काम झालं.

सर्व्हरवाला: आदित्य, पुढाऱ्याच्या भाषणाच्या फोटोला तुमचं बरोबर आहे, तिथे आधी चेहराच बघावा. पण रिंगणात मुख्य पात्र घोडा आहे आणि चेहरे मागच्या गर्दीतल्या शंभर वारकऱ्यांचे. शिवाय आपल्याकडे मागे फ्लेक्स असतोच. त्यावरचा शुभेच्छुकाचा हसरा चेहरा खऱ्या माणसापेक्षा मोठा आणि समोरून काढलेला, तोच आधी सापडतो. ट्विटरही आधी चेहऱ्यांवरूनच कापायचं. बऱ्याच फोटोंत चेहराच नसतो म्हणून २०१८ मध्ये ते नजर कुठे खिळते याच्या अंदाजावर गेले.

माणदेशी, तुमच्या फोटोत काय झालं ते सांगतो. `attention` म्हणजे माणसाच्या नजरेवर शिकवलेलं मॉडेल नव्हे. ते फोटो अगदी लहान करतं आणि प्रत्येक ठिकाणी तीन गोष्टींचे गुण देतं: कडा किती आहेत, रंग किती भडक आहे, त्वचेसारखा रंग आहे का. गुणांचा नकाशा जरा पुसट करून त्यातला सर्वांत वरचा एकच बिंदू उचलतं आणि चौकट त्याच्याभोवती बसवतं. भगव्या पताका म्हणजे भडक रंगही आणि फडफडत्या कडाही. पांढऱ्या धुळीतला पांढरा घोडा तिथे हरणारच. तांबूस माती असेल तर तीही त्वचेच्या खात्यात सहज जमा होते.

आता आकडे बघा. चौकोन ४००० रुंद, म्हणजे चौकट डावी-उजवीकडे फक्त २००० पिक्सेल सरकू शकते. मधोमध कापलं की ती १००० ते ५००० वर बसते. तुमचा घोडा समजा ४०० ते १९०० मध्ये आहे, म्हणून तो तुटला. पताकांचा बिंदू ४६०० वर असेल तर चौकट उजवीकडे टोकाला जाऊन २००० पासून सुरू होते आणि घोडा पूर्ण बाहेर पडतो. दोष एकच बिंदू उचलण्यात आहे. त्याऐवजी चौकट ० पासून २००० पर्यंत सरकवत न्या, प्रत्येक जागी आत येणाऱ्या सगळ्या गुणांची बेरीज करा आणि चौकटीची कड एखाद्या ठळक गोष्टीला कापत असेल तर गुण वजा करा. बेरीज स्वस्त असते. घोडा तोडणाऱ्या चौकटी तिथेच मागे पडतात.

तिरपा_कोन: बेरजेनेही पताका जिंकल्या तर?

सर्व्हरवाला: जिंकू शकतात. म्हणून नकाशासुद्धा बदलावा लागतो. माणसं फोटोत खरोखर कुठे बघतात यावर शिकवलेलं मॉडेल घोडा आणि स्वार सहसा पकडतं. नुसत्या रंगाच्या हिशेबाला ते जमत नाही.

दीपा_नाशिक: मॉडेलचं कौतुक जरा बेतानेच करा. २०२० मध्ये लोकांनी ट्विटरवर कृष्णवर्णीय ओबामा आणि गोरे अमेरिकी सिनेटर मॅक्कॉनेल यांचे चेहरे एकाच लांबलचक चित्रात वर-खाली ठेवून दाखवले होते. दोघांच्या जागा बदलल्या तरी झलकेत मॅक्कॉनेलच दिसायचे. पुढच्या वर्षी कंपनीने स्वतः तपासलं. समान वाटणीच्या तुलनेत गोऱ्यांच्या बाजूने ४ टक्के आणि स्त्रियांच्या बाजूने ८ टक्के झुकाव निघाला. मग कसं कापायचं हे माणसावर सोडलेलं बरं, असं म्हणून त्यांनी मोबाइलवर आपोआप कापणं बरंचसं काढून टाकलं. वारकऱ्यांच्या गर्दीत उन्हाने रापलेले चेहरे असतात. तुमचं मॉडेल कोणाला ठेवणार आणि कोणाला बाहेर काढणार, हे बघितलंय का कुणी?

सर्व्हरवाला: मुद्दा रास्त आहे, पण तिथेही एकच बिंदू निवडण्याचा भाग होता. दोन चेहरे सारख्याच तोलाचे असले तरी एकाला शून्य मिळतं आणि केसभर फरकाचा निकाल होतो.

दीपा_नाशिक: तो केसभर फरक दर वेळी एकाच बाजूला पडत असेल तर तो केसभर राहत नाही. बेरजेने तो कमी होईल. नाहीसा होईल हे मला पटत नाही.

अल्बमवाला: माझंही हेच रडगाणं! लग्नाचे फोटो ५ बाय ७ छापले की कडेचे मामा-मावशी अर्धे होतात. हे सॉफ्टवेअर लावलं तर वाचतील का?

सर्व्हरवाला: दादा, तुमचं दुखणं वेगळं आहे. ६००० रुंदीतून ५ बाय ७ ला ५६०० उरतात, जातात फक्त ४००. एवढ्यात कुठलंही यंत्र फार काही करू शकत नाही. एक तर ४ बाय ६ छापा, नाहीतर कडेने जागा सोडून फोटो काढा.

तिरपा_कोन: उभ्या पट्टीबद्दल कुणी बोललंच नाही. ९:१६ ला रुंदी उरते २२५०. घोडा १५०० चा, म्हणजे बसतो. पण तुमचं यंत्र त्याला बरोबर मध्ये धरणार आणि त्याच्या तोंडापुढे चारशेही पिक्सेल उरणार नाहीत. तो उजवीकडे धावतोय! पुढची मोकळी जागा मी मुद्दाम सोडलेली असते, धाव तिच्यातच दिसते. रिकाम्या मातीला तुमचा नकाशा गुण देईल का?

सर्व्हरवाला: नाही देणार. तिथे तुम्ही जिंकलात. अशा वेळी मी कापतच नाही. मुख्य गोष्ट आणि तिची जागा मिळून चौकटीच्या रुंदीत मावत नसतील तर फोटो अख्खा ठेवायचा आणि वर-खाली त्याचीच धूसर प्रत भरायची.

तिरपा_कोन: धूसर प्रत बघवत नाही. साधा काळा रंग भरा.

माणदेशी: म्हणजे मला चार हजार फोटो हातानेच बघावे लागणार?

सर्व्हरवाला: सगळे नाही. कापून नव्या फाइली करू नका, प्रत्येक फोटोसोबत मुख्य बिंदूची टक्केवारी साठवा. यंत्राने सुचवायचं, माणसाने खटकेल तिथे बोटाने सरकवायचं. घोड्याचा मध्य ११५० वर आहे, म्हणजे साधारण १९ टक्के. पानावर एवढंच लिहा:

```css
img { width: 100%; aspect-ratio: 1 / 1; object-fit: cover; object-position: 19% 50%; }
```

यात बिंदू चौकटीच्या मध्यावर येत नाही, चौकटीच्या १९ टक्क्यांवर येतो. चौकोनात चौकट ३८० पासून सुरू होईल आणि घोडा ४०० पासून आहे, म्हणजे शेपूट अगदी कडेला चिकटेल. पण पुढे मोकळी जागा भरपूर राहील. शेपटीची चिंता असेल तर १५ टक्के करा.

आधी कोणते बघायचे, तेही ठरवता येतं. सर्वांत चांगली चौकट आणि तिच्याहून बरीच दूर असलेली दुसरी चौकट यांच्या गुणांत थोडाच फरक असेल, तर यंत्र गोंधळलंय. तेवढेच फोटो वेगळे काढा.

दीपा_नाशिक: आणि जिथे यंत्र ठामपणे चुकतं ते? पताकांबद्दल ते मुळीच गोंधळलं नव्हतं.

सर्व्हरवाला: ते या गाळणीत सापडणार नाहीत. वारी, जत्रा, मिरवणूक असे पताका-फ्लेक्सचे फोटो विषयानुसार काढून नजरेखालून घालावे लागतील.

तिरपा_कोन: गावच्या साप्ताहिकात त्याशिवाय दुसरे कसले फोटो असतात हो?

माणदेशी: शाळेचे निकाल, सत्कार आणि वाढदिवस. तिथे आदित्यचे चेहरे चालतील. आजपासून टक्केवारी साठवायला घेतो. उभ्या पट्टीत काळा रंग चालेल का, हे मात्र संपादकांना विचारावं लागेल, त्यांना पान ‘भरलेलं’ लागतं.