उत्तर: फ्लॅट व्याजाचा कागद कसा वाचायचा

> "गाडीसाठी 1 लाखाचं कर्ज, 3 वर्षं, 10 टक्के फ्लॅट. स्वस्त आहे ना?"

नाही भाऊ. फ्लॅट म्हणजे तिन्ही वर्षं पूर्ण लाखावर व्याज: 30,000. हप्ता 3,611. मुद्दल दरमहा फिटत जातं, व्याज मात्र उतरत नाही. घटत्या शिल्लकेवर मोजलं तर हाच दर जवळपास 18 टक्के पडतो. जालन्यात माझ्या भाच्यानं असाच कागद सही करून आणला, फार वाईट वाटलं.

कर्ज देणारे सहीआधी जो अटींचा कागद देतात, त्या 'मुख्य तथ्य विवरणा'त वार्षिक टक्केवारी दर म्हणजे एपीआर बघा, त्यात प्रोसेसिंग फीसुद्धा धरलेली असते. दर स्थिर असेल तर मुदतपूर्व फेडीचं शुल्क लागू शकतं. ते उरलेल्या मुद्दलावर आहे का, विचारा. हप्ता थकला तर दंडात्मक शुल्क लागतं, पण त्या शुल्कावर पुन्हा व्याज लावता येत नाही.